दाढ ठणकतेय आणि नंबर लागत नाही

‘तुमची वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ असा ईमेल बहुतेक दवाखान्यांना कधी ना कधी येतोच. तो न वाचता डिलीट होतो आणि तेच योग्य आहे, कारण तोच मजकूर शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानालाही गेलेला असतो.

मी वेबसाइट बनवतो. सांगलीतल्या एका दातांच्या डॉक्टरांना ओळखपाळख नसताना ईमेल केला, तेव्हा विषयाच्या जागी एवढंच लिहिलं: ‘मोबाइलवरून तुमच्या दवाखान्याला फोन लावता येत नाही’. खाली मजकूर असा:

‘नमस्कार डॉक्टर. काल तुमची साइट मोबाइलवर उघडली. फोन नंबर वरच्या बॅनरच्या चित्रातच छापलेला आहे, त्यावर बोट ठेवून काही होत नाही. दाढ ठणकणाऱ्या पेशंटला तो आधी कागदावर उतरवून घ्यावा लागेल. शिवाय संध्याकाळची वेळ साइटवर ५ ते ८ आहे, गूगल मॅप्सवर ६ ते ९. स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. तुमची साइट सांभाळणारा माणूस दोन्ही कामं अर्ध्या तासात करेल. कुणी नसेल तर मला कळवा.’

दर नाही, कंपनीची माहिती नाही. शेवटून दुसरं वाक्य धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाचं वाटेल, पण दोष खरा आहे की गिऱ्हाईक पटवण्यासाठी रचलाय, हे डॉक्टरांना त्यामुळे दुसऱ्या कुणाकडून ताडून बघता येतं. दुरुस्तीही खरंच एका ओळीची. चित्रातला नंबर काढायचा आणि साध्या अक्षरांत असा लिहायचा:

```
<a href="tel:+91XXXXXXXXXX">फोन करा</a>
```

X च्या जागी दवाखान्याचा नंबर. मग बोट लावलं की फोनचा डायलर नंबरासकट उघडतो.

तिसरा दोषही दिसला होता. पत्त्याच्या पट्टीत क्रोम ‘Not secure’ दाखवत होतं. साइट अजून `http` वर असेल तर २०१८ च्या जुलैपासून क्रोम असं लिहितं. याचा अर्थ साइट हॅक झाली असा नाही. अपॉइंटमेंटच्या फॉर्ममध्ये भरलेलं नाव, नंबर, तक्रार वाटेत उघडी जाते, एवढाच. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. आमच्यातले बरेच जण नेमकं इथेच घाबरवायला लागतात, म्हणून मी ते पहिल्या ईमेलमध्ये घातलंच नाही. उत्तर आलं तर सांगू म्हटलं. फॉर्म भरूनही पाहिला नाही. खोटी अपॉइंटमेंट टाकली की रिसेप्शनवरची मुलगी कुणासाठी तरी वेळ राखून बसते.

दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘वेळ मॅप्सवरची बरोबर आहे. आणि चित्रातला तो नंबर बंद होऊन दोन वर्षं झाली. बॅनर ज्याने केला त्याच्याकडेच मूळ फाइल होती, म्हणून बदलायचं राहून गेलं.’