दगड की काँक्रीट? दोन फोटो आणि एक वजनकाटा

ऐकायला वेळ नसेल तर या भागाचं हे लेखी रूप वाचा.

वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात काँक्रीटमध्ये बांधल्या गेल्या. तिथल्या पाडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून माझ्या आतेभावाने एक काळपट तुकडा आणला. तो म्हणाला, "काळा दगड आहे." मी म्हटलं, "काजळी धरलेलं काँक्रीट असेल." मग घनताच काढायची ठरवली. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. मुंबईचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, साधारण २.८ ते ३ ग्रॅम प्रति मिली भरतो, आणि काँक्रीट २.४ च्या आसपास.

तुकडा आख्खा काही मोजपात्रात जाईना. म्हणून त्याचा एक टवका काढला. तो किचनच्या काट्यावर १६ ग्रॅम भरला. १०० मिलीच्या मोजपात्रात पाणी घेऊन फोटो काढला: ५० मिली. टवका बुडवून दुसरा: ५५ मिली. आकारमान ५, घनता १६ ÷ ५ = ३.२. भाऊ खूश!

पण थांबा. पात्रावर रेघा एकेक मिलीच्या. प्रत्येक वाचनात अर्ध्या मिलीची चूक सहज होते. म्हणजे आकारमान ४ ते ६ यांत कुठेही, आणि घनता ४ ते २.७ यांत कुठेही. या उत्तरावर पैज जिंकता येत नाही. वजनाची चूक किरकोळ होती, खरी गोची आकारमानात होती.

म्हणून त्याच तुकड्याचे चार टवके एकदम घेतले: ५८ ग्रॅम. पाणी ४० मिली. पात्र तिरकं धरून टवके अलगद सरकवले, म्हणजे काच फुटत नाही आणि पाणी उडत नाही. पात्र टिचकीने हलवून चिकटलेले बुडबुडे काढले. ते राहिले तर आकारमान जास्त दिसतं आणि घनता कमी येते. आता वाचन ६० मिली.

५८ ÷ २० = २.९. तीच एक मिलीची चूक धरली, तरी घनता २.७६ ते ३.०५. काँक्रीट असतं, तर पाणी ६४ च्या जवळ गेलं असतं. भाऊ जिंकला. बहुतेक तो काँक्रीटमधलाच खडीचा मोठा दगड होता.

फोटो काढताना एवढंच बघा: मोबाईल पाण्याच्या पातळीला आडवा धरा, थोडा लांब जाऊन झूम करा. वरून काढला तर पाणी आहे त्यापेक्षा वर दिसतं. पातळी वाढली की मोबाईलही तेवढाच वर न्या. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये वाकलेला असतो, त्याच्या तळाची रेघ वाचा.

तुमच्या दगडाचं किती आलं, ते दोन्ही फोटोंसकट कळवा. भेटू पुढच्या भागात!