अमेरिकेला निघालेलं बला तेल

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या बायका आमच्या औषधांच्या दुकानात ठरलेली यादी घेऊन येतात. बाळंतिणीच्या मालिशीला बला तेल, तिलाच दशमूलारिष्ट, सर्दीला निलगिरीचं तेल, दाढेला लवंगेचं. आमच्या काउंटरवर औषध देण्याइतकंच ते बांधून देण्याचं काम चालतं, आणि किस्से तिथेच घडतात.

कोथरूडच्या एका काकूंनी मागच्या खेपेला घरची अर्धी वापरलेली, २०० मिलीची बाटली नेली होती. तीन पिशव्यांत गुंडाळूनही तेल झिरपलंच, वर ठेवलेल्या साड्यांना डाग पडले. ‘‘सामानाच्या कप्प्यात हवेचा दाबच नसतो म्हणे,’’ त्या म्हणाल्या. तसं नाही. प्रवासी विमानात खालच्या कप्प्यातही दाब साधारण केबिनइतकाच असतो. मात्र तो जमिनीवरच्यापेक्षा कमी, म्हणजे साधारण पाऊण पट होतो.

खरा घोळ बाटलीतल्या हवेचा होता. अर्ध्या बाटलीत तेलावर १०० मिली हवा होती. बाहेरचा दाब पाऊण पट झाला की तिला १३३ मिली जागा हवी असते. ही जास्तीची ३३ मिली कुठे जाणार? बाटली आडवी असली की तोंडाशी तेलच असतं, मग हवा त्यालाच बाहेर ढकलते. तीच बाटली भरलेली असती आणि वर फक्त १० मिली हवा असती, तर जास्तीची जागा जेमतेम तीन मिली लागली असती. काठोकाठ मात्र भरायची नाही, कारण उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तेल स्वतःही थोडं फुगतं.

म्हणून या खेपेला मी काकूंना म्हटलं, ‘‘अर्धी बाटली नकोच, १०० मिलीच्या छोट्या बाटलीत ओतून घ्या.’’ प्लॅस्टिकची बाटली असेल तर झाकण लावण्याआधी ती हलकेच दाबून थोडी हवा काढायची. आत आलेली बाजू वर गेल्यावर बाहेर येते आणि हवेला जागा मिळते. बाटलीच्या आट्यांवर नळवाले वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, झाकण फिरतं त्याच दिशेने, दोन-तीन वेढे. झाकणातली पुठ्ठ्याची चकती तेल पिऊन मऊ झाली असेल तर झाकणच बदलायचं. मग बाटली टिश्यूत गुंडाळून उलटी धरायची आणि जोरात दाबायची. टिश्यूवर पारदर्शक ठिपका उमटला तर ती बाटली बॅगेत जात नाही, मग टेप कितीही लावलेली असो.

निलगिरीचं प्रकरण वेगळं. ते ड्रॉपरच्या बाटलीत आलं की आम्ही ड्रॉपर काढूनच टाकतो. नळीचं टोक तेलात बुडालेलं असतं. वरची हवा फुगली की तेल नळीतून थेट रबरी फुग्यात चढतं, आणि निलगिरीने ते रबर फुगून चिकट होतं. त्याजागी साधं आट्यांचं झाकण आणि तोंडाशी थेंब पाडणारी प्लॅस्टिकची चकती लावतो. ड्रॉपर हवाच असेल तर कोरडा, वेगळा न्यायचा. लवंगेचं तेल मात्र काचेच्याच बाटलीत. लेबलवर पारदर्शक चिकटपट्टीही लावतो, कारण एका थेंबाने शाई पसरते आणि नाव नसलेल्या बाटलीबद्दल तपासणीत हमखास विचारणा होते.

दुबईत स्पा काढणारा एक तरुण निलगिरीचा लिटरभराचा डबा बॅगेत न्यायला मागत होता. त्याला आम्ही सरळ नाही म्हणालो. निलगिरीच्या तेलाची वाफ सुमारे ५० अंशांना ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि विमान वाहतुकीत ६० अंशांपर्यंतची द्रवं ज्वलनशील धरतात. औषध किंवा प्रसाधन म्हणून सवलत आहे, पण एका बाटलीत अर्ध्या लिटरपर्यंत आणि माणशी एकूण दोन लिटरपर्यंत. व्यवसायाचा कच्चा माल त्यात बसत नाही. तो घोषणापत्रासह कार्गोनेच जातो.

काकूंची ४५० मिलीची दशमूलारिष्टाची बाटली या हिशेबात बसते, पण फक्त चेक-इन सामानात. त्यांना ती हातात, पर्समध्ये हवी होती. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला आपल्याकडे हातातल्या सामानात १०० मिलीपर्यंतच्याच बाटल्या चालतात, त्याही सगळ्या मिळून एक लिटरच्या, बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत. इथे बाटलीवर छापलेलं माप पाहतात. २०० मिलीच्या बाटलीच्या तळाशी चमचाभर तेल उरलं असलं तरी ती बाटली २०० चीच, आणि ती तिथेच ठेवून जावं लागतं. शिवाय अरिष्ट आंबवलेलं असतं. बाटली घरी फोडली असेल तर कधी कधी आत वायू साठलेला असतो. त्यामुळे अरिष्ट आम्ही कारखान्याचं सील न फोडलेलंच देतो, आणि बाटली बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या घड्यांत, तोंड वर करून ठेवायला सांगतो.