तलवारीआधी कुदळ

मोठ्या शत्रूला हरवले की बक्षीस म्हणून त्याहून मोठे शस्त्र मिळावे, ही आपली साधी अपेक्षा असते. ‘व्हॅलहाइम’ या स्वीडिश गेममध्ये पहिला बॉस हरवल्यावर हाती पडते ते हरणाचे टणक शिंग, आणि त्या शिंगाची होते कुदळ. २०२१च्या फेब्रुवारीत बाजारात आलेल्या या खेळात नॉर्स पुराणकथांतल्या जगात जिवंत राहायचे असते. लाकडी सोट्यापासून चांगल्या पोलादी शस्त्रापर्यंतची वाट किती वेळात चालायची, हे खेळ ठरवतो आणि खेळाडूला ते जाणवूही देत नाही. त्याची युक्ती या कुदळीपासून सुरू होते.

आइक्थिर नावाचा तो विराट काळवीट गवताळ कुरणात भेटतो. त्याच्या शिंगाच्या कुदळीनेच शेजारच्या घनदाट जंगलातले तांबे आणि कथील फोडता येते. जंगलातला बॉस मेला की किल्ली मिळते. तिने दलदलीतल्या बुडालेल्या थडग्यांची दारे उघडतात आणि आत चिखलात लोखंड सापडते. दलदलीतल्या बॉसकडून एक हाड मिळते, ते डोंगरात जमिनीखाली दडलेल्या चांदीची जागा दाखवते. चांदी फोडायला कुदळही लोखंडाचीच लागते. शत्रू स्वतः शस्त्र देत नाहीत, पुढच्या धातूकडे जाण्याची सोय तेवढी देतात. शस्त्र खेळाडूने स्वतः घडवायचे.

काशाची तलवार घ्या. तिला २ लाकडे, २ चामड्याचे तुकडे आणि ८ कांसे लागते. ऐकायला हे थोडे वाटते. पण एका काशाला २ तांबे आणि १ कथील लागते, म्हणजे १६ तांबे आणि ८ कथील. खऱ्या जगात काशात कथील साधारण दहावा हिस्सा असते. खेळात ते तिसरा हिस्सा धरले आहे, म्हणून तांब्याचा डोंगर सापडला तरी भागत नाही, कथिलासाठी नदीकाठ धुंडाळावा लागतो. भट्टी एका खनिजाला ३० सेकंद आणि २ कोळसे घेते. २४ खनिजांना १२ मिनिटे आणि ४८ कोळसे झाले. त्या भट्टीसाठी आधी जुन्या दफनघरांत शिरून सांगाड्यांशी झुंजत ५ ज्वलंत गाभे आणावे लागतात, कोळशाच्या भट्टीसाठी आणखी ५. भट्टी जळत असताना खेळाडू रिकामा बसत नाही. तो घर दुरुस्त करतो, शिकार करतो, मांस भाजतो. म्हणून ती बारा मिनिटे खुपत नाहीत.

मग येते शस्त्र सुधारणे. काशाच्या तलवारीचा मार ३५ असतो आणि प्रत्येक पायरीला ६ने वाढतो. चौथ्या पायरीवर तो ५३ होतो. लोखंडाची नवीकोरी तलवार ५५पासून सुरू होते. मला या दोन आकड्यांत रचनाकाराची सारी काळजी दिसते. जुनी तलवार सुधारत नेली तर दलदलीत शिरण्याइतपत बळ येते, पण नव्या धातूची ओढ कमी होत नाही. सुधारणेसाठी भात्याजवळ ऐरण, सहाण अशी साधनेही जोडत जावी लागतात, म्हणजे शस्त्राबरोबर वस्तीही वाढते. मोडलेले शस्त्र कायमचे नाहीसे होत नाही, आणि दुरुस्ती फुकट असते. त्यामुळे खेळाडू जमवलेले वापरायला कचरत नाही.

हा तोल लोखंडापाशी डळमळतो, असे माझे मत आहे. एका गदेला २० लोखंड लागते. दलदलीच्या बॉसला तलवारीचे वार फारसे लागत नाहीत, गदा लागते, म्हणून ती बहुतेक जण घडवतातच. चौघे मित्र खेळत असतील तर चार गदा आणि त्यावर चिलखते. दहावे थडगे पहिल्यासारखेच असते, तोच चिखल, तेच सांगाडे. जिथे खेळाडूला नवे काही ठरवायचे उरत नाही, नुसते खणायचे उरते, तिथे वेग मंदावल्याचे लगेच कळते: गटातले बोलणे थांबते, कुणीतरी उद्या खेळू म्हणते.

वाहतूक मात्र यातून तारते. माणूस आणि बहुतेक सामान जादुई दारातून क्षणात घरी जाते, खनिज आणि धातू जात नाहीत. ते खांद्यावर, हातगाडीतून किंवा जहाजातून न्यावे लागतात, आणि खांद्यावर ३००पेक्षा जास्त वजन झाले की पाय ओढत चालावे लागते. वादळात लोखंडाने भरलेले जहाज घेऊन परतणे ही स्वतंत्र मोहीमच होते. मग प्रश्न पडतो: घर जंगलातच राहू द्यायचे, की दलदलीच्या काठावर दुसरी भट्टी उभारायची? कंटाळवाण्या खणण्यानंतर हा खरा निर्णय असतो. २०२३मध्ये निर्मात्यांनी जगाच्या सेटिंगमध्ये पर्याय दिला, ज्याने धातूही दारातून जाऊ शकतात. एकट्याने, दिवसाकाठी तासभर खेळणाऱ्याला तो घ्यायला हरकत नाही. गटाने मात्र निदान लोखंडापर्यंत तो बंद ठेवावा, कारण तो चालू केला की जहाज बांधायचे आणि दुसरी वस्ती वसवायचे कारणच उरत नाही.