दीडशे अक्षरांत काय ठेवायचं?

इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर स्वतःबद्दल लिहायला १५० अक्षरांची जागा मिळते, एक्सवर १६०. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या माणसाकडे मात्र परिचय असतो तो बहुधा एखाद्या कार्यक्रमासाठी किंवा माहितीपत्रकासाठी लिहिलेला, चांगला पानभर. तो या जागेत बसवायचा म्हणून बहुतेक जण एकेक शब्द खुडत जातात. त्यातून उरतो तो सगळ्याचाच थोडा थोडा अंश, आणि वाचणाऱ्याला त्यातलं काहीच आपलं वाटत नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूड भागात रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टचा परिचय असा आहे असं समजा: 'गेली १४ वर्षे फिजिओथेरपीच्या क्षेत्रात कार्यरत. पदव्युत्तर शिक्षणानंतर दोन नामांकित रुग्णालयांत अनुभव. सध्या स्वतंत्र व्यवसाय. पाठदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, अर्धांगवायू, खेळातील दुखापती अशा सर्व समस्यांवर सर्व वयोगटांसाठी उपचार. योग आणि आहार यांचीही आवड. प्रत्येक रुग्णाकडे समग्र दृष्टीने पाहण्यावर विश्वास.'

यात खोटं काही नाही. हे नुसतं आखडलं तर हाती येतं: 'पाठदुखी, गुडघेदुखी, अर्धांगवायू व दुखापतींवर समग्र उपचार करणारी अनुभवी फिजिओथेरपिस्ट.' जागेत बसलं, पण हे वाक्य शहरातल्या कुठल्याही फिजिओथेरपिस्टला चालेल. दुसऱ्याच्या नावाखाली जसंच्या तसं शोभेल असं वाक्य निरुपयोगी समजावं. ही कसोटी कठोर आहे, पण कामाची आहे.

म्हणून परिचयाचा कागद बाजूला ठेवून भेटींची वही काढावी. गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष कोण आलं ते पाहावं. आपल्या या बाईंच्या वहीत समजा निम्म्याहून जास्त नावं गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ज्येष्ठांची आहेत. खेळाडू दोनच, अर्धांगवायूचे रुग्णही मोजके. आपण काय काय करू शकतो याचं उत्तर परिचयात असतं आणि लोक आपल्याकडे कशासाठी येतात याचं उत्तर वहीत. थोडक्या जागेत दुसरंच उत्तर जायला हवं.

वहीबरोबर फोनही आठवावेत. शस्त्रक्रिया आईची झालेली असते, पण फोन करते मुलगी किंवा सून, कधी परगावाहून. म्हणजे मदत एकाला होते आणि प्रोफाइल वाचतं दुसरंच कुणी. ती मुलगी सांध्याची हालचाल किती अंशांनी वाढेल असं विचारत नाही. ती विचारते, 'आई परत जिना चढू शकेल का? तुम्ही घरी येता का? कोणत्या भागात येता?' जिना चढायला गुडघा साधारण ९० अंशांपर्यंत वाकावा लागतो आणि मांडीच्या स्नायूंत जोर यावा लागतो, हे उपचार करणाऱ्याने जाणायचं. घरच्यांच्या लेखी त्या अंशांचं नाव 'जिना' हेच आहे. वारंवार कानावर येणारे असे प्रश्न हा छोट्या ओळीचा खरा कच्चा माल, कारण लोक काय शोधत आहेत ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत आधीच सांगितलेलं असतं.

आता वाक्य बांधू. कुणाला मदत होते, त्यांना काय करता येऊ लागतं आणि ते आपण कसं घडवतो, या क्रमाने:

'गुडघा बदललेल्या ज्येष्ठांना पुन्हा जिने चढता यावेत म्हणून घरी येऊन व्यायाम करून घेते. कोथरूड, कर्वेनगर. फिजिओथेरपिस्ट, १४ वर्षे.'

यातलं 'व्यायाम करून घेते' महत्त्वाचं आहे. त्या जागी 'मदत करते' किंवा 'सक्षम करते' आलं असतं, तर ती नेमकं काय करते ते कळलंच नसतं. 'चढता यावेत म्हणून' हेही जपून निवडलेलं आहे. 'सहा आठवड्यांत जिना चढवते' असं लिहिलं तर जास्त लोक थांबतील, पण प्रत्येक गुडघा, प्रत्येकाचं वजन, मधुमेह, शस्त्रक्रियेआधीची ताकद वेगळी. ज्याची हमी देता येत नाही ते आरोग्याच्या कामात लिहूच नये. हेतू सांगावा, मुदत सांगू नये. १४ वर्षांचा अनुभव शेवटी गेला, कारण आपलं काम इथे होईल असं वाटल्यावरच माणूस अनुभव पाहतो. पदव्या, रुग्णालयं आणि आहाराची आवड गळली. त्यांना लिंक्डइनच्या 'अबाउट' या भागात २६०० अक्षरांची ऐसपैस जागा आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला मोजणीची एक अडचण येते. मोजणाऱ्या यंत्रणा सहसा मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त यांना वेगवेगळं धरतात. 'ज्येष्ठांना' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो ११ भरतो. त्यामुळे जोडाक्षरांनी भरलेले संस्कृत शब्द इथे दुप्पट महाग पडतात आणि घरात बोलले जाणारे साधे शब्द स्वस्तात बसतात. वरची ओळ अशा हिशेबाने, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून, १२८ भरते.

पाठदुखीचे रुग्ण यामुळे तुटतील, ही भीती रास्त आहे. काही तुटतीलही. पण एका गोष्टीसाठी ओळखला जाणारा माणूस आठवणीत राहतो आणि गुडघ्याने बरं वाटलेल्या घरातूनच पुढे पाठीसाठी विचारणा येते. ज्याची वही खरोखरच दोन-तीन गटांत सारखी वाटलेली आहे, त्याने पुढच्या काळात कुणाचं काम वाढावंसं वाटतं ते ठरवून तो गट लिहावा. ज्याची वही अजून कोरी आहे त्याला ही रीत लागू पडत नाही. त्याने काय करतो आणि कुठे करतो एवढंच साधेपणाने लिहावं, आणि पहिले दहा-बारा रुग्ण आल्यावर पुन्हा बसावं.

ओळ जमली की नाही हे स्वतःला कळत नाही. आपल्या कामाची माहिती नसलेल्या माणसाला ती काही सेकंद दाखवावी, फोन काढून घ्यावा आणि विचारावं, 'हे तू कुणाला पाठवशील?' 'छान लिहिलंय' असं उत्तर आलं तर ओळ फसली. 'आमच्या आत्याचं गेल्याच महिन्यात ऑपरेशन झालंय, तिला' असं आलं तर ती पोचली. शंभर स्तुतींपेक्षा अशी एक आत्या मोलाची.

इन्स्टाग्रामवर नावाचा रकाना वेगळा असतो आणि शोधताना तोही पाहिला जातो. तिथे नावापुढे व्यवसाय आणि भाग इंग्रजी लिपीत लिहावा, कारण मराठी बोलणारे पुष्कळ लोक शोधताना तीच लिपी टाइप करतात. खालची ओळ मराठीतच राहू द्यावी.

१५० मधून १२८ गेले, २२ उरले. दिवसभर या बाई कुणाच्या ना कुणाच्या घरी व्यायाम करून घेत असतात, त्या वेळी फोन उचलता येत नाही आणि न उचललेला फोन पुढच्या फिजिओथेरपिस्टकडे जातो. म्हणून उरलेल्या जागेत नवी ओळ घ्यावी: 'संध्याकाळी फोन करा.' ओळ बदलण्याचं एक धरून ही २० भरते.