पाच छेद सहा वजा तीन छेद आठ

फळ्यावर उदाहरण होतं : ५/६ − ३/८. सातवीचा वर्ग, परिमेय संख्यांवरील क्रियांचा पाठ. बाईंनी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीला उठवलं. तिनं खडू घेतला, अंशातून अंश वजा केला, छेदांचंही तसंच काहीतरी केलं आणि २/२ लिहिलं. त्याच्यापुढे १. मग खडू ठेवून, बाईंकडे न बघता, ती जागेवर जाऊन बसली.

गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून मी अधूनमधून अशी दुसऱ्यांच्या वर्गांत मागच्या बाकावर बसते. सातारा जिल्ह्यातल्या या शाळेत बाईंनीच बोलावलं होतं. त्यांची तक्रार अशी, की वर्गातल्या सात-आठ मुली वहीत बरोबर आणि फळ्यावर चूक, घरी बरोबर आणि चाचणीत चूक, अशा का वागतात ते कळत नाही. तास संपल्यावर त्या मुलीची वही आम्ही पाहिली. आदल्या दिवशीच्या गृहपाठात ७/१२ − ३/८ होतं. तिनं २४ हा लसावि काढून, १४ मधून ९ वजा करून, ५/२४ असं उत्तर लिहिलं होतं. नीट, एकाखाली एक, रेघा मारून.

गृहपाठ मैत्रिणीचा बघून उतरवलेला असू शकतो. म्हणून पुढच्या तासाला बाईंनी सगळ्यांना वहीच्या पानाचा चौथा भाग एवढी चिठ्ठी दिली आणि फळ्यावरचं तेच उदाहरण पुन्हा घातलं. अट एकच होती : जागेवर बसून, कुणाचं न बघता, लागेल तेवढा वेळ घ्या. गुण नाहीत, कुणाचं नाव घेऊन चिठ्ठी वाचून दाखवणार नाही. ती मुलगी बराच वेळ लिहीत होती. चिठ्ठीवर होतं : २०/२४ − ९/२४ = ११/२४. म्हणजे रीत तिला येत होती. फळ्यापाशी गेल्यावर ती हाताशी राहिली नव्हती.

हे कसं होतं ते समजायला या उदाहरणाचे टप्पे मोजून बघावेत. सहा आणि आठचा लसावि २४. चोवीसला सहानं भागलं की ४, मग ५ गुणिले ४ म्हणजे २०. हे वीस मनात धरून ठेवायचे. चोवीसला आठनं भागलं की ३, मग ३ गुणिले ३ म्हणजे ९. आता धरून ठेवलेले वीस परत आणायचे आणि त्यातून नऊ काढायचे. एक गोष्ट करत असताना दुसरी मनात सांभाळण्याची आपली जागा मुळात लहान असते. तिला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. ‘सगळे बघतायत, चुकलं तर हसतील’ हा विचारही त्याच जागेत येऊन बसतो. अमेरिकेत मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रौढ विद्यार्थ्यांना अक्षरं लक्षात ठेवत बेरजा करायला दिल्या होत्या. हातच्याची बेरीज आणि लक्षात ठेवायची अक्षरं जास्त, असं दोन्ही एकत्र आलं, तेव्हा गणिताची धास्ती असलेल्यांच्या चुका फार वाढल्या. सोप्या बेरजांत तसा फरक पडला नाही. आपल्या मुलीचंही तेच झालं. मधले वीस आणि नऊ धरायला जागाच उरली नाही, तेव्हा तिनं ज्यात काहीच धरावं लागत नाही असा रस्ता घेतला : वरच्यातून वरचं, खालच्यातून खालचं. लवकर संपतं आणि खाली बसता येतं.

चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात दुसऱ्या एका मुलीच्या चिठ्ठीवरही २/२ होतं. निवांत बसून, कुणी बघत नसताना. हे प्रकरण वेगळं. तिला छेद समान का करायचे तेच कळलेलं नव्हतं. तिला धीर देऊन काही होणार नव्हतं. बाईंनी तिला कागदाच्या दोन समान पट्ट्या दिल्या, एकीचे सहा भाग, दुसरीचे आठ, आणि दोन्हींचे भाग जुळतील असे आणखी बारीक तुकडे पाडायला लावले. तिला तिथूनच सुरुवात हवी होती. एकच उदाहरण, एकदा सगळ्यांसमोर आणि एकदा चिठ्ठीवर, एवढ्यानं या दोघींमधला फरक दिसतो. तो न बघता सगळ्या मुलींना ‘घाबरू नका’ म्हणत राहिलं, तर जिला खरंच येत नाही तिची वर्षं वाया जातात. आणि न कळलेलं साचत गेलं की त्यातूनच पुढे धास्तीही वाढते.

ही धास्ती मुलग्यांमध्येही असते. पण २०१२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलामुलींना गणिताबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं, तेव्हा मुलींनी जास्त धास्ती सांगितली. गुण मुलांच्या बरोबरीचे असतानाही. वर्गात मला याचं एक कारण नेहमी दिसतं. मुलगे चुकीचं उत्तरही ओरडून सांगतात आणि विसरून जातात. मुली उत्तर पक्कं झाल्याशिवाय हात वर करत नाहीत, आणि पक्कं होईपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असतो. त्यातून आपण बालवाडीपासून मुलींच्या स्वच्छ वहीचं, वळणदार अक्षराचं कौतुक करत आलेलो असतो. त्या वहीत चुकलेली ओळ म्हणजे डाग. मग खोडरबर हातातून सुटत नाही. काही मुली उत्तर चुकलं तर पान खराब नको म्हणून आधी कच्च्या कागदावर गणित करतात, मग वहीत उतरवतात, आणि तो कागद बाईंना कधीच दिसत नाही. मला तर खरं शिकवणं त्या कागदापाशी सुरू व्हावंसं वाटतं.

बाईंनी केलेला पहिला बदल त्याच दिशेचा होता. वहीच्या उजवीकडे तीन बोटं रुंद पट्टी आखायची आणि लसावि, ४, २०, ३, ९ हे सगळं तिथे लिहायचं. गिचमिड चालेल, खोडायचं मात्र नाही. फळ्यावरही तशीच पट्टी आखली. जे मनात धरावं लागत होतं ते कागदावर आलं, तर भीतीनं जागा व्यापली तरी वीस आणि नऊ हरवत नाहीत. शिवाय कोण कुठल्या पायरीवर अडलं ते बाईंना एका नजरेत कळतं.

दुसरा बदल मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गणित सोडवण्याआधी उत्तराचा अंदाज करायचा. पाच छेद सहा म्हणजे एकाहून थोडं कमी. त्यातून काहीतरी काढायचं आहे, तेव्हा उत्तर एक येणं शक्यच नाही. तीन छेद आठ म्हणजे निम्म्याला थोडं कमी. पाच छेद सहातून निम्मा काढला तर एक तृतीयांश उरतो. आपण निम्म्याहून कमी काढणार, म्हणून उत्तर एक तृतीयांशाच्या थोडं वर, निम्म्याच्या आसपास असणार. ११/२४ तिथेच बसतं, कारण १२/२४ म्हणजे निम्मा. हे एकदा हाताशी आलं की मुलीला बरोबर-चूक ठरवण्यासाठी बाईंच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. भित्र्या मुली शिक्षकाचा चेहरा फार बारकाईनं वाचतात. भुवई हलली की उत्तर बदलतात, मग ते बरोबर असलं तरी. अंदाज हाताशी असलेली मुलगी आपल्याच उत्तराशी थोडी भांडू शकते. या कामाला वेळ लागतो, हेही खरं. सुरुवातीला मुली आधी उत्तर काढतात आणि मग त्याच्याजवळचा अंदाज लिहितात, कारण अंदाजही चुकू नये असं त्यांना वाटतं. म्हणून बाई अंदाज तोंडी घेतात, पेन्सिल खाली ठेवायला लावून.

फळ्याकडे बोलावणं बाईंनी बंद केलं नाही, आणि ते बरंच केलं. टाळल्यानं भीती तेवढ्यापुरती निवते आणि पुढच्या वेळी वाढलेली असते. बदल एवढाच, की ‘यानंतरचं उदाहरण तुझं’ असं आधी सांगायचं, वही बरोबर न्यायची, आणि सुरुवातीचे काही आठवडे दोघींनी मिळून जायचं. एक लिहील, दुसरी का ते सांगेल. प्रश्न विचारल्यावर थांबणंही बाईंनी शिकून घेतलं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात. बाई टेबलावर बोटानं हळू मोजतात, नाहीतर पहिल्या बाकावरचा मुलगा तेवढ्यात उत्तर देऊन मोकळा होतो.

चुकीच्या उत्तरांचं काय करायचं, हे चिठ्ठ्यांनीच सोडवलं. बाई गठ्ठ्यातून एखादं चुकीचं उत्तर नाव न सांगता फळ्यावर लिहितात आणि विचारतात, ‘हे कसं आलं असेल?’ २/२ लिहिलं, तेव्हा पाचेक हात वर आले. एका मुलीनं सांगितलं, ‘बाई, सहातून आठ जात नाहीत म्हणून आठातून सहा काढले.’ एवढं नेमकं निदान मला प्रशिक्षणवर्गांत शिक्षकांकडूनही क्वचितच ऐकायला मिळालं आहे.

दोन वाक्यं मात्र या वर्गातून अजून पुरती गेलेली नाहीत. एक म्हणजे ‘सोपं आहे गं, कर’. सोपं आहे आणि तरी येत नाही, म्हणजे दोष आपल्यातच, असा त्याचा अर्थ मुलगी लावते. दुसरं वाक्य प्रेमानं येतं : ‘जाऊ दे, तुझं मराठी किती छान आहे.’ यात गणित सोडायची परवानगी असते. त्याऐवजी ‘लसाविपर्यंत बरोबर आहे, पुढची ओळ दाखव’ एवढं म्हटलं तरी मुलगी पुन्हा उदाहरणाकडे वळते.

पालकसभेत एका आईनं हसत सांगितलं, की ‘मलाही गणित कधी आलं नाही, माझ्यावरच गेलीय.’ तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेल्या सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांचा २०१० चा एक अभ्यास पहिली-दुसरीच्या सतरा शिक्षिकांवर होता. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या ‘मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात’ असं मानू लागलेल्या मुलींचं गणित वर्षअखेरीस मागे पडलेलं दिसलं. मुलग्यांमध्ये तसं आढळलं नाही. अभ्यास लहान आहे, आणि आयांबद्दल तो काही सांगत नाही. तरी बाईंनी त्या आईला एक काम दिलं : रोज रात्री मुलीला एक गणित समजावून सांगायला लावायचं, तपासायचं नाही. ‘मला समजलं नाही तर?’ आईनं विचारलं. ‘मग तिला पट्ट्या कापून दाखवायला सांगा,’ बाई म्हणाल्या, आणि टेबलाच्या खणातून कागद काढून सहा भागांची घडी कशी घालायची ते त्यांना तिथेच दाखवू लागल्या.