काळा होण्याआधीचा ठिपका

पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहायचे, तेव्हा आम्हा चौघींत एकच बाथरूम होतं. चार फूट बाय सहा फूट. एका रविवारी मी तिथे केसांना कलप लावला. निघताना भिंतीवर दोन-चार फिकट, पिवळट ठिपके दिसले. पुढच्या आंघोळीत धुऊन जातील म्हणून तसेच सोडले. सोमवारी सकाळी काकूंची हाक आली. टाइलच्या पांढऱ्या सांध्यांत शाईसारखे काळे ठिपके पडले होते.

कलप काळा सांडत नाही, सांडल्यावर काळा होतो. ट्यूबमधल्या रंगाचे कण सुरुवातीला जवळपास बिनरंगी आणि अगदी बारीक असतात. डेव्हलपरच्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. दोन्ही मिसळले की हे कण केसात शिरतात, एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, गडद होतात आणि आतच अडकतात. टाइलच्या सांध्यातलं सिमेंटही केसासारखंच सच्छिद्र. तिथेही हेच घडतं. टाइलचा चकचकीत भाग मात्र गुळगुळीत असल्यामुळे सहसा वाचतो. म्हणून ठिपका फिकट असतानाच, पहिल्या मिनिटभरात, भांड्यांच्या साबणाचं पाणी लावलेल्या फडक्याने कडेकडून आत टिपायचा. पुसत नेला तर तो सांध्यात जातो.

तयारीही त्याच हिशेबाने करायची. फरशी आधी कोरडी करा; ओल्या फरशीवर थेंब पसरून थेट सांध्यात उतरतो. कचऱ्याची मोठी पिशवी कापून अंथरा आणि वर वर्तमानपत्र. नुसता कागद भिजून रंग खाली सोडतो, नुसत्या प्लास्टिकवर थेंब घरंगळतो. इतरांचे टॉवेल, ब्रश, साबण बाहेर काढून ठेवा. कालवायला स्टीलची वाटी नको, प्लास्टिकची घ्या, कारण धातूमुळे पेरॉक्साइड बिघडू शकतं.

सगळा वेळ बाथरूम अडवायची गरज नसते, हे मला फार उशिरा कळलं. लावायला लागतात पंधरा-वीस मिनिटं. मग पाकिटावर लिहिलेला वेळ, बहुधा अर्धा तास, बाहेर खुर्चीवर बसून काढता येतो. डोक्याला जुनी टोपी, खांद्यावर जुना पंचा. त्या अर्ध्या तासात चौघींपैकी कोणीही आंघोळ उरकू शकते. खरं तर आरसा गॅलरीत नेऊन कलप तिथेच लावला तर उत्तमच.

आत लावायचाच असेल तर हवेचा विचार करा. एक्झॉस्ट फॅन आतली हवा ओढतो, पण बाहेरून हवा यायला वाट नसेल तर तो नुसताच घरघरतो. दार वीतभर उघडं ठेवा. पाकिटावर ‘अमोनिया नाही’ लिहिलेलं असलं तरीही ठेवा. त्यात अमोनियाऐवजी बहुधा दुसरा अल्कली असतो, तो वासाला मवाळ, इतकंच. डोळे चुरचुरू लागले किंवा घसा खवखवला की लगेच बाहेर या. आणि बाथरूममध्येच गॅस गीझर असेल तर दार बंद करून तो चालू करू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. कोमट पाणी आधीच बादलीत भरून घ्या.

खरी घाण धुताना होते. शॉवर टाळा, त्याचे तुषार चारही भिंतींवर उडतात. मान वाकवून, मगाने हळूहळू, मोरीच्या जाळीजवळ धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत उभं राहायचं नाही. मग भिंती कमरेपर्यंत साबणाच्या पाण्याने पुसा, जाळीतले केस काढा आणि दिवा लावून सांधे नीट पाहा.

डाग पडलाच तर चकचकीत टाइलवर खायच्या सोड्याची पेस्ट बहुधा पुरते. सांध्यांना पातळ केलेलं ब्लीच लागतं, पण आधी तिथला कलप भरपूर पाण्याने धुऊन टाका. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन निघतो, आणि चार बाय सहाच्या खोलीत त्यापासून पळायला जागा नसते. फरशी संगमरवरी असेल तर अ‍ॅसिड मुळीच नको, दगडच खाल्ला जातो. प्लास्टिकच्या स्टुलावरचा जुना डाग मात्र जात नाही. त्याच्यावर वेळ घालवू नका.

उरलेला कालवलेला कलप बाटलीत झाकण लावून पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. त्यात ऑक्सिजन तयार होत राहतो, बाटली फुगते आणि फुटूही शकते. तो कागदाने निपटून कचऱ्यात टाका. बाटली विसळून, झाकण न लावता फेका.