अंदाजपत्रक ‘मंजूर झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

आज आपण एकच वाक्य तपासायला घेणार आहोत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्ताची वही उघडा, ते सापडेलच : ‘अंदाजपत्रकावर सविस्तर चर्चा झाली व ते सर्वानुमते मंजूर करण्यात आले.’ वाक्य शुद्ध आहे, सभ्य आहे. आणि वर्षभराने भांडण झाले की कुणाच्याच कामाचे नाही.

का, ते पाहू. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने एक साधा भेद दाखवला होता. काही वाक्ये घडलेले सांगतात, तर काही वाक्ये उच्चारल्यानेच काहीतरी घडते. ‘पाऊस पडला’ हे पहिल्या जातीचे, ‘मी वचन देतो’ हे दुसऱ्या. आता बघा, ठराव दुसऱ्या जातीचा आहे. सभा तो संमत करते तेव्हाच समितीला खर्चाचा आणि आकारणीचा अधिकार मिळतो. इतिवृत्त मात्र पहिल्या जातीचे, ते फक्त घडलेले नोंदवते. आमच्या सेक्रेटरी मंडळींची गफलत इथेच होते. ते ठरावाचे शब्द लिहीतच नाहीत, ठराव झाल्याची बातमी तेवढी लिहितात.

एक उदाहरण कल्पू. चाळीस सदनिकांची संस्था. समितीने पुढच्या वर्षाच्या सेवाखर्चाचे 15,60,000 रुपयांचे अंदाजपत्रक मांडले. सेवाशुल्क सर्वांना सारखे, म्हणजे सदनिकेमागे दरमहा 3,250 रुपये. एक सभासद उठून म्हणाले, ‘रात्रीचा दुसरा वॉचमन कशाला? एक लाख वीस हजार कमी करा.’ बराच गलका झाला, हात वर झाले, कपात मान्य झाली. उरले 14,40,000, म्हणजे दरमहा 3,000. आणि वहीत आले ते वरचेच वाक्य! एप्रिलमध्ये बिल 3,250 चे निघाले. समिती म्हणते, ‘अंदाजपत्रक मंजूर आहे.’ सभासद म्हणतात, ‘कपातीसह मंजूर आहे.’ वही दोघांनाही दुजोरा देते, कारण तिच्यात आकडाच नाही.

मग लिहायचे कसे? कपातीची सूचना ही उपसूचना. तिच्यावर आधी मत घ्यायचे, मग दुरुस्त झालेल्या मूळ ठरावावर. दोन्ही मतदाने वेगळी नोंदवायची. उपसूचनेच्या बाजूने 18, विरोधात 13, अशी एक ओळ पुरते. त्यानंतर ठराव असा :

‘सन 2026-27 (1 एप्रिल 2026 ते 31 मार्च 2027) या वर्षासाठी व्यवस्थापक समितीने मांडलेल्या रु. 15,60,000 च्या सेवाखर्चाच्या अंदाजपत्रकात सुरक्षा या शीर्षाखाली रु. 1,20,000 ची कपात करून, रु. 14,40,000 च्या सुधारित अंदाजपत्रकास ही सभा मंजुरी देत आहे. त्यानुसार 1 एप्रिल 2026 पासून प्रत्येक सदनिकेस दरमहा रु. 3,000 सेवाशुल्क आकारावे. सुधारित अंदाजपत्रक इतिवृत्तास जोडले आहे.’

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे. मग : ‘बाजूने 25, विरोधात 4, तटस्थ 2. ठराव बहुमताने मंजूर.’

वर्षाच्या तारखा मुद्दाम घातल्या आहेत. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. बहुतेक संस्था ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतात. एका वर्षाचे हिशेब नुकतेच संपलेले, दुसरे वर्ष अर्धे सरलेले, तिसऱ्याचे अंदाजपत्रक समोर. अशा वेळी ‘चालू वर्ष’, ‘पुढील वर्ष’ हे शब्द नंतर वाचणाऱ्याला फसवतात. शिवाय गेल्या वर्षीच्या जमाखर्चाचा आणि या अंदाजपत्रकाचा ठराव एकाच वाक्यात कधी गुंडाळू नये. झालेला खर्च मान्य करणे आणि होणाऱ्या खर्चाला परवानगी देणे या वेगळ्या क्रिया आहेत.

‘सर्वानुमते’ हा शब्दही आपण सवयीने वापरतो. चार जणांनी विरोध केला असेल तर तो शब्द खोटा आहे, मग ठराव कितीही रास्त असो. विरोध करणाऱ्याने नाव नोंदवायला सांगितले तर नाव आणि त्याचे एका ओळीतले कारण लिहावे. कोण काय ओरडले ते लिहू नये. आणि ‘सविस्तर’? तीन मिनिटांची चर्चाही सविस्तर असते, तीन तासांचीही. त्या जागी मुद्दा लिहा : ‘रात्रीच्या दुसऱ्या सुरक्षारक्षकाच्या खर्चास काही सभासदांनी हरकत घेतली.’

व्याख्यानांनंतर एक शंका हमखास येते. पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त कायम करताना कपात रद्द करता येईल का? नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की, लिहिले आहे ते घडल्याप्रमाणे आहे का. 14,40,000 ऐवजी चुकून 14,04,000 पडले असेल तर ते तिथे दुरुस्त होईल. वॉचमन परत हवा असेल तर मात्र तो विषय कार्यसूचीवर रीतसर घ्यावा लागेल, आणि नवा ठराव लागेल.